एच-१बीची सोडत: तिसऱ्या संधीवर विसंबू नका

दर मार्चच्या अखेरीस अमेरिकेत एच-१बी व्हिसाची सोडत निघते. तिकडे एमएस करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींचा पुढचा मुक्काम बऱ्याच अंशी या सोडतीवर ठरतो. इकडे घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू असतात. म्हणून ही सोडत कशी चालते आणि नंबर लागला नाही तर काय करायचं, हे मुलांनी आणि पालकांनी आधीच समजून घ्यायला हवं.

वर्षाला एकूण ८५ हजार जागा असतात. त्यांपैकी ६५ हजार सर्वांसाठी, आणि २० हजार अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी. आधी सगळ्यांची नावं ६५ हजारांच्या सोडतीत जातात. त्यात नंबर न लागलेल्या मास्टर्सवाल्यांना २० हजारांच्या सोडतीत दुसरी संधी मिळते. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत अर्ज स्वतः भरता येतो. इथे मात्र नाव कंपनीच नोंदवते. ही नोंदणी मार्चमध्ये ऑनलाइन होते आणि शुल्क २१५ डॉलर आहे. नंबर लागला तर १ एप्रिलपासून किमान ९० दिवसांच्या मुदतीत कंपनीने सविस्तर अर्ज दाखल करायचा, आणि तो मंजूर झाला की १ ऑक्टोबरपासून एच-१बीवर काम सुरू करता येतं.

नोंदणीत सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे पासपोर्ट. मार्च २०२४ पासून सोडत नोंदणींची नव्हे, तर माणसांची निघते, आणि माणूस ओळखला जातो तो पासपोर्ट क्रमांकावरून. त्याआधी एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांनी नाव नोंदवलं की त्याची संधी तितक्या पटीने वाढायची. मार्च २०२३ मध्ये सुमारे ७ लाख ५९ हजार वैध नोंदण्या झाल्या, त्यांतल्या चार लाखांहून अधिक अशा एकाहून जास्त नोंदण्या असलेल्यांच्या होत्या. ही वाट बंद झाल्यावर आकडा झपाट्याने उतरला. मार्च २०२५ मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार वैध नोंदण्यांमधून १ लाख २० हजार निवडल्या गेल्या, म्हणजे साधारण ३५ टक्के. जागांपेक्षा जास्त नावं काढतात, कारण काही कंपन्या पुढे अर्जच करत नाहीत आणि काही अर्ज नामंजूर होतात.

आता पगाराचाही हिशेब आला आहे. फेब्रुवारी २०२६ अखेरपासून लागू झालेल्या नियमानुसार सोडतीत सगळ्यांचं वजन सारखं नसतं. अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक व्यवसायासाठी, त्या त्या भागानुसार, वेतनाच्या चार पातळ्या जाहीर करतं. पहिल्या पातळीच्या उमेदवाराचं नाव सोडतीत एकदा जातं, दुसऱ्या पातळीचं दोनदा, चौथीचं चारदा. नियमाचा मसुदा मांडताना केलेल्या सरकारी अंदाजाप्रमाणे निवडीची शक्यता पहिल्या पातळीला सुमारे १५ टक्के, दुसरीला ३० आणि चौथीला ६१ टक्के येते. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांच्या नोकऱ्या बहुधा पहिल्या दोन पातळ्यांत बसतात. एकच पगार सिलिकॉन व्हॅलीत पहिल्या पातळीत मोडेल, तर स्वस्त शहरात दुसऱ्या. त्यामुळे पगार पुढच्या पातळीच्या काठावर असेल, तर मॅनेजरशी बोलायची वेळ जानेवारी-फेब्रुवारीची आहे. दोन कंपन्यांनी नाव नोंदवलं असेल, तर त्यातली खालची पातळी धरली जाते. म्हणून दुसरी ऑफर घेऊन नाव नोंदवणं नुकसानीचंही ठरू शकतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याची एक मुलगी मे २०२६ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस झाली. पदवीनंतर नोकरी करण्याची मुभा, म्हणजे ओपीटी, तिची १ जुलै २०२६ ला सुरू झाली. पहिले बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीमुळे मिळणारे आणखी चोवीस धरले, तर ३० जून २०२९ पर्यंत तिला काम करता येईल. म्हणजे मार्च २०२७, २०२८ आणि २०२९ अशा तीन सोडती तिच्या वाट्याला येतात. दर वेळी ३० टक्के शक्यता धरली, तर तीनपैकी एकदा तरी नंबर लागण्याची शक्यता ६६ टक्के होते. दर वेळी १५ टक्केच असेल, तर ३९ टक्के. तिसऱ्या सोडतीतही नंबर लागला नाही, तर तिच्या हातात नोकरीचे तीन महिने उरतात, आणि त्यानंतर अमेरिकेत राहण्याचे ६० दिवस.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पर्यायाचा विचार तिसऱ्या नकारानंतर सुरू होतो, पण कोणताच चांगला पर्याय पाच महिन्यांत उभा राहत नाही. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि संशोधन संस्था यांना जागांची मर्यादा लागू नाही. तिथे सोडतीविना, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात एच-१बी मिळू शकतो. पण तिथली भरती संथ असते, पगार कमी असतो आणि पुढे खासगी कंपनीत जायचं झालं तर सोडत पुन्हा आडवी येते. दुसरी वाट एल-१ची. कंपनीच्या पुण्यातल्या किंवा टोरंटोतल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम केलं, तर व्यवस्थापक म्हणून किंवा कंपनीचं विशेष ज्ञान असलेली कर्मचारी म्हणून अमेरिकेत बदली मागता येते. मात्र त्यासाठी आधी तशा कार्यालयं असलेल्या कंपनीत नोकरी हवी. ओ-१ हा असामान्य कामगिरीसाठीचा व्हिसा आहे. आठ निकषांपैकी किमान तीन पुराव्यानिशी दाखवावे लागतात, आणि प्रकाशनं, परीक्षणाचं काम, पुरस्कार असे पुरावे जमायला एक-दोन वर्षं जातात. कॉलेजात पुन्हा नाव घालून पहिल्या दिवसापासून नोकरी करू देणारे अभ्यासक्रमही आहेत, पण पुढच्या अर्जात त्यांच्यावर कसून प्रश्न विचारले जातात. वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

परत येण्याचा निर्णय घेताना आणखी एक खर्च ध्यानात घ्या. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या एच-१बी अर्जासाठी कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. ही घोषणा बारा महिन्यांसाठी काढलेली आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी ती लागू आहे का, हे तपासा. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर येणाऱ्यांना हा भार नाही. पण तो अर्ज निकाली निघण्याआधी देशाबाहेर पडलात, तर ही सवलत जाऊ शकते. नंबर लागल्याच्या आनंदात मे-जूनमध्ये घरी येण्याचं तिकीट काढू नका. एल-१ला ही रक्कम लागू नाही.

उदाहरणातल्या मुलीने पर्यायाचं काम मार्च २०२८ मध्ये, दुसरा नकार येताच हाती घ्यायला हवं. तेव्हा तिच्या हातात पंधरा महिन्यांची नोकरी असते. त्या अवधीत कंपनी बदलता येते, विद्यापीठात अर्ज करता येतो, भारतातल्या कार्यालयात बदलीचं लेखी आश्वासन मागता येतं. पालकांनीही कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब भारतातल्या पगारावर एकदा मांडून ठेवावा. सोडतीची संधी तीनदा असली, तरी निर्णयाचा दिवस दुसऱ्या निकालाचाच धरा.