चेक परत आला, येणे पुन्हा उभे राहिले

ग्राहकाचा चेक बँकेत भरला की व्यापाऱ्याच्या वहीत त्याची उधारी फिटलेली दिसते. पैसे मात्र अजून आलेले नसतात. पुढे तो चेक न वटता परत आला, तर वहीने ते मान्य करून ग्राहकाला पुन्हा देणेकरी ठरवावे लागते. यासाठी लागणारी नोंद छोटीच असते, पण नेमकी तीच बऱ्याच ठिकाणी चुकते.

सांगलीतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. १० जून रोजी त्याने एका बांधकाम ठेकेदाराला ५०,००० रुपयांचा माल दिला. १८ टक्के जीएसटी धरून बिल ५९,००० रुपयांचे झाले. वीस दिवसांत पैसे दिल्यास १,००० रुपयांची सूट असे ठरले होते. त्याप्रमाणे ठेकेदाराने २७ जूनला ५८,००० रुपयांचा चेक दिला. व्यापाऱ्याने बँक खाते ५८,००० रुपयांनी आणि सूट खाते १,००० रुपयांनी नावे टाकले आणि ठेकेदाराचे खाते ५९,००० रुपयांनी जमा केले. ठेकेदाराची बाकी शून्य झाली.

३० जूनला बँकेने चेक परत केला. सोबतच्या रिटर्न मेमोवर ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असे कारण होते. आता मूळ नोंद उलटवायची: ठेकेदाराचे खाते ५८,००० रुपयांनी नावे आणि बँक खाते तेवढ्याच रकमेने जमा. बँकेच्या उताऱ्यात हीच रक्कम नावे पडलेली दिसते, कारण तो उतारा बँकेच्या बाजूने लिहिलेला असतो. व्यापाऱ्याच्या वहीत बँकेतली शिल्लक कमी होते, म्हणून तिथे बँक खाते जमा होते. नवशिक्या कारकुनाचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

एवढे लिहून काम संपत नाही, कारण सूट अजून खर्चात पडून आहे. ती वेळेवर पैसे मिळाल्याबद्दल होती आणि पैसे तर मिळालेच नाहीत. म्हणून ठेकेदाराचे खाते आणखी १,००० रुपयांनी नावे टाकून सूट खाते जमा करायचे. ही पायरी राहिली तर त्याच्याकडे ५९,००० ऐवजी ५८,००० रुपयेच येणे दिसते आणि हजार रुपयांवर नकळत पाणी सोडले जाते. सुटीची वेगळी क्रेडिट नोट काढली असेल तर तीही रद्द करावी लागते.

बँकेने चेक परत केल्याबद्दल २०० रुपये आणि त्यावर ३६ रुपये जीएसटी कापला. ही रक्कम चेकच्या रकमेत मिसळू नये. बँक शुल्क खाते २०० रुपयांनी नावे, सीजीएसटी आणि एसजीएसटीची खाती प्रत्येकी १८ रुपयांनी नावे आणि बँक खाते २३६ रुपयांनी जमा, अशी तिची स्वतंत्र नोंद होते. ज्याला कराचे क्रेडिट मिळत नाही, त्याने सगळेच २३६ रुपये खर्चात धरावेत.

हे शुल्क ग्राहकाकडून घेता येते, पण तसे बिलावर किंवा व्यवहाराच्या अटींत आधीच लिहिलेले असेल तर त्यावर वाद होत नाही. या उदाहरणात व्यापाऱ्याचा खरा खर्च २०० रुपये आहे, कारण ३६ रुपयांचे क्रेडिट त्याला मिळाले. तो ठेकेदाराचे खाते २०० रुपयांनी नावे टाकतो आणि बँक शुल्क खाते जमा करतो. चेक न वटल्याबद्दल आकारलेला दंड हा कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे त्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केला आहे. आता ठेकेदाराची बाकी ५९,२०० रुपये होते.

रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची आहे. संगणकावर बिलवार हिशेब ठेवणारे अनेकजण परत आलेल्या चेकची रक्कम ३० जूनच्या नव्या संदर्भाने चढवतात. मग ही उधारी त्या दिवशी जन्मल्यासारखी दिसते. ऑगस्टअखेर थकबाकीची यादी काढली तर जी रक्कम ऐंशी दिवसांहून जुनी आहे, ती साठ-बासष्ट दिवसांची भासते आणि वसुलीचा तगादा उशिरा सुरू होतो. म्हणून ५९,००० रुपये १० जूनच्या मूळ बिलाच्या क्रमांकावर आणि तारखेवरच परत उभे करायचे. फक्त शुल्काचे २०० रुपये नव्या तारखेने येतात.

काही ठिकाणी चेक परत आल्यावर जमेची मूळ नोंदच खोडून टाकतात. त्याने शिल्लक जुळते, पण उताऱ्यात ५८,००० रुपये एकदा आत आणि एकदा बाहेर अशा दोन ओळी असतात आणि वहीत एकही नसते. ताळमेळ घालणाऱ्याला त्या दोन ओळींचा अर्थ लागत नाही. शिवाय या ग्राहकाचा चेक एकदा परत आला होता, ही पुढच्या उधारीसाठी मोलाची माहिती खात्यातून पुसली जाते. मोठी चूक म्हणजे रक्कम लगेच बुडीत खर्चात टाकणे किंवा विक्रीच रद्द करणे. माल ठेकेदाराकडे गेलेला आहे, त्यामुळे विक्री आणि तिच्यावरचा जीएसटी कायम राहतो. चेक परत आला म्हणजे पैसे बुडाले असेही नाही. वसुलीचे प्रयत्न संपल्यावरच ती रक्कम बुडीत ठरवता येते.

मार्चअखेर जास्त काळजी घ्यावी लागते. ३० मार्चला भरलेला चेक ३ एप्रिलला परत आला आणि ताळेबंद अजून पक्का झालेला नसेल, तर ३१ मार्चच्या बँक शिल्लकेत ती रक्कम ठेवणे बरोबर नाही. ती त्या तारखेलाही येणेच होती, म्हणून ताळेबंदातही येण्यातच दाखवायची. बँकेचे शुल्क मात्र एप्रिलच्या खर्चात जाते.

तोच चेक पुन्हा भरायचा ठरला, तर त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो आणि त्या दिवसाच्या तारखेने नवी जमानोंद करावी लागते. कायद्याचा मार्ग धरायचा असेल, तर चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवणे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार आवश्यक आहे. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी ग्राहकाला पंधरा दिवस असतात. इथे वहीतली बाकी डोळे झाकून नोटिशीत उतरवू नये. खात्यात येणे ५९,२०० रुपये असले तरी चेक ५८,००० रुपयांचा होता. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेची असावी लागते, आणि सूट व शुल्काचे १,२०० रुपये मागायचे असतील तर ते वेगळे दाखवावे लागतात.