कागद जुळत नसतील तर एलसीत बदल कसा मागायचा?

अकोल्यातल्या डाळ मिलमध्ये डाळीतला काळा, डागी दाणा वेगळा काढणारं सॉर्टेक्स मशीन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. समजा, आपल्या गटांच्या उत्पादक कंपनीनं असं एक मशीन चीनहून मागवलं. विकणारा आपल्याला ओळखत नाही, आपणही त्याला ओळखत नाही. अशा वेळी आपली बँक त्याला लेखी हमी देते की, ठरलेले कागद ठरल्याप्रमाणे आणून दिले तर पैसे मिळतील. या हमीपत्राला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी म्हणतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. बँक मशीन पाहत नाही, फक्त कागद पाहते. पेटीत मशीन चांगलं असलं तरी कागद एलसीशी जुळला नाही तर बँक पैसे अडवू शकते. आणि कागद बिनचूक असले तर मशीन खराब निघालं तरी बँकेला पैसे द्यावेच लागतात.

म्हणून आम्ही गटांना सांगतो की, माल जहाजावर चढण्याआधीच विकणाऱ्याकडून कागदांचे कच्चे नमुने मागवा आणि एलसी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा.

आपल्या उदाहरणात एलसीत लिहिलं आहे की, माल शांघाय बंदरातून ३१ मार्चपर्यंत निघावा आणि एलसीची मुदत १५ एप्रिल. कच्चे कागद आले २० मार्चला. त्यात तीन फरक दिसले. इन्व्हॉइसवर, म्हणजे बिलावर, मशीनचं वर्णन वेगळ्या शब्दांत आहे. बंदर निंगबो आहे. आणि जहाज निघणार ४ एप्रिलला.

तिन्ही फरकांना एकच औषध नाही. वर्णनाचे शब्द विकणाऱ्यानं बिल पुन्हा टाइप करून एलसीसारखे करावेत. त्यासाठी बँकेत जायची गरज नाही, फीही लागत नाही. बंदर आणि तारीख मात्र खरीच बदलली आहे. जहाज कंपनीच्या पावतीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, खोटं बंदर किंवा मागची तारीख टाकून घेणं ही फसवणूक ठरते. इथं एलसीच बदलून घ्यावी लागते.

अर्ज आपण आपल्याच बँकेकडे करायचा. त्यात एलसीचा नंबर लिहा. मग प्रत्येक बदल 'आधी हे होतं, आता हे हवं' असा मांडा. बंदर शांघायऐवजी निंगबो. माल निघण्याची शेवटची तारीख ३१ मार्चऐवजी १० एप्रिल. आता मुदतीचा हिशेब करा. साधारण नियमानं माल निघाल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात. १० एप्रिलला माल निघाला तर ते १ मेपर्यंत जातं. म्हणून मुदत ५ मे मागा. फक्त निघण्याची तारीख वाढवली आणि मुदत १५ एप्रिलच राहिली, तर कागद द्यायला अवघे पाच दिवस उरतील. शेवटी 'बाकी सर्व अटी तशाच राहतील' आणि बदलाची फी कोण भरणार, हे लिहा. विमा आपण काढला असेल तर विमा कंपनीलाही नवं बंदर कळवा.

गावातली शाखा असे अर्ज बहुधा परदेशी व्यवहार पाहणाऱ्या मोठ्या शाखेकडे पाठवते, म्हणून हाताशी काही दिवस ठेवा. बँक बदलाचा संदेश विकणाऱ्याच्या बँकेला पाठवते. त्याची प्रत मागून वाचा, कारण तारखेतला एक आकडा चुकला तर पुन्हा नवा बदल मागावा लागतो.

एवढ्यानं काम संपत नाही. विकणाऱ्यानं मान्य केल्याशिवाय त्याच्यापुरती जुनीच एलसी चालू राहते. तो गप्प बसला म्हणजे 'हो' म्हणाला, असं धरत नाहीत. दोन बदलांतला एक घेतो, एक सोडतो, असंही त्याला करता येत नाही. त्याच्याकडून लेखी होकार घ्या.

कागद बँकेत दाखल झाल्यावर फरक सापडला, तर वाट वेगळी असते. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात. मग बँक आपल्याला विचारू शकते की, हे फरक तुम्हाला चालतील का? आपण 'चालतील' म्हटलं तरी शेवटचा निर्णय बँकेचा असतो. तोवर मशीन बंदरात पोचलं, तर तिथलं भाडं आपल्यावर चढत राहतं.

आणि फरक बंदराचा नसून मशीनचाच असेल, म्हणजे आपण ठरवलं मोठं मॉडेल आणि कागदावर आलं लहान, तर एलसी बदलू नका. तसा बदल मागणं म्हणजे मोठ्याच्या किमतीत लहान मशीनला आपणच होकार देणं. आधी विकणाऱ्याशी माल आणि किंमत यांचं लेखी ठरवा, मगच बँकेच्या पायऱ्या चढा.