चोरी, बलाद्ग्रहण की जबरी चोरी? : एक गल्ला आणि चार पर्याय (लेखांक ६)

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये, बलाद्ग्रहण कलम ३०८ मध्ये आणि जबरी चोरी कलम ३०९ मध्ये येते. दुसऱ्याच्या कब्जातील जंगम वस्तू, म्हणजे हलवता येणारी वस्तू, त्याच्या संमतीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने काढून नेण्यासाठी जागेवरून हलवली की चोरी पूर्ण होते. बलाद्ग्रहणात, ज्याला व्यवहारात खंडणी म्हणतात, गुन्हेगार स्वतः वस्तू उचलत नाही, तर कोणत्या तरी हानीची भीती घालून समोरच्याला ती द्यायला भाग पाडतो. जबरी चोरीला मात्र स्वतंत्र पाया नाही, कारण अशा प्रत्येक गुन्ह्याच्या मुळाशी चोरी तरी असते किंवा बलाद्ग्रहण तरी असते, आणि परीक्षेतील प्रश्न बहुधा याच ठिकाणी अडतात.

पुढील प्रसंग पाहावा. रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी ‘अ’ हा किराणा दुकानात शिरतो, दुकानदार ‘ब’ याच्यासमोर चाकू धरतो आणि गल्ल्यातील रक्कम देण्यास सांगतो. ‘ब’ भीतीने जागीच थिजतो व काहीच करत नाही, तेव्हा ‘अ’ स्वतः गल्ला उघडून त्यातील १२,००० रुपये घेऊन निघून जातो. ‘अ’ने कोणता गुन्हा केला?

(क) चोरी, कारण रक्कम त्याने स्वतः उचलली आणि कोणालाही दुखापत केली नाही.
(ख) बलाद्ग्रहण, कारण भीती घालून रक्कम मिळवली.
(ग) जबरी चोरी, कारण चोरी करण्यासाठी तात्काळ दुखापतीची भीती घातली.
(घ) जबरी चोरी, कारण तात्काळ दुखापतीची भीती घालून बलाद्ग्रहण केले.

पर्याय (क) मधील विधान वस्तुस्थितीला धरून असले, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण कलम ३०९ ला प्रत्यक्ष दुखापतच लागते असे नाही. तात्काळ मृत्यू, तात्काळ दुखापत किंवा तात्काळ अडवून धरले जाण्याची भीती घातली तरी पुरते. (ख) आणि (घ) हे दोन्ही पर्याय एकाच कारणाने बाद होतात. बलाद्ग्रहणात भीती आणि तिच्यामुळे घडलेले देणे असे दोन दुवे लागतात, आणि येथे ‘ब’ने काहीच दिलेले नाही. धनंजय विरुद्ध बिहार राज्य या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, भीतीपोटी मालमत्ता दिली गेली नसेल तर बलाद्ग्रहणाचा हा आवश्यक घटकच उरत नाही, असे मानले होते. त्यामुळे अचूक उत्तर (ग) ठरते: रक्कम संमतीशिवाय उचलली गेली म्हणून मुळाशी चोरी आहे, आणि ती साधण्यासाठीच चाकू दाखवला गेला म्हणून ती जबरी चोरी आहे.

प्रसंगातील एकेक तपशील बदलला की उरलेले पर्यायही आपापल्या जागी बरोबर ठरतात. चाकू पाहून ‘ब’ने स्वतःच नोटा काढून ‘अ’च्या हातात ठेवल्या असत्या, तर (घ) बरोबर ठरला असता, कारण त्या वेळी ‘अ’ समोर हजर होता, भीती तात्काळ इजेची होती आणि रक्कम तेथल्या तेथे दिली गेली. बलाद्ग्रहण जबरी चोरी होण्यासाठी या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. ‘अ’ने दूरध्वनीवरून आठ दिवसांत रक्कम न पोहोचवल्यास दुकान जाळण्याची धमकी दिली असती आणि ‘ब’ने ती पोहोचवली असती, तर गुन्हेगाराची हजेरीही नाही आणि तात्काळ इजेची भीतीही नाही, म्हणून (ख) खरा ठरला असता. ‘ब’ पाठमोरा असताना गल्ला गुपचूप रिकामा झाला असता, तर उत्तर (क) असते.

(ग) आणि (घ) या दोन्हींना शिक्षा एकच, म्हणजे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड, असली तरी त्यांतील फरक केवळ शाब्दिक नाही, कारण चोरीच्या वाटेने जाणाऱ्या जबरी चोरीत भीती कोणत्या क्षणी घातली याला अधिक वाव आहे. ती चोरीपूर्वी, चोरी करताना किंवा चोरलेला माल घेऊन जाताना घातली तरी चालते, मात्र ती त्याच उद्देशाने घातलेली असावी लागते. म्हणून गुपचूप गल्ला रिकामा करणाऱ्या ‘अ’ला दारात अडवले आणि रक्कम घेऊन जाता यावे यासाठी त्याने चाकू उगारला, तर चोरीची जबरी चोरी होते, पण त्याने रक्कम तेथेच टाकून केवळ पळून जाण्यासाठी चाकू उगारला, तर पूर्ण झालेली चोरी चोरीच राहते आणि चाकूच्या धाकाचा गुन्हा वेगळा मोजावा लागतो. हेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तर त्याचे जे रूप होते, त्या दरोड्याचा विचार पुढील लेखांकात येईल.