दशमेश, त्याचा नवांश आणि देहूची एक पत्रिका
(लेखांक अकरावा)

मागील लेखांकात षष्ठस्थानावरून सेवावृत्तीचा, म्हणजे दुसऱ्याच्या पदरी राहून करावयाच्या चाकरीचा विचार आपण केला. आता लग्नापासून दहाव्या, म्हणजे कर्म, मान, आज्ञा आणि आस्पद अशा नावांनी ग्रंथकारांनी गौरविलेल्या स्थानाकडे वळावयाचे आहे. पत्रिका घेऊन येणाऱ्या दहा पालकांपैकी बहुतेकांचा प्रश्न ‘मुलगा पुढे काय करील’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर देताना सर्वांत अधिक घाई याच स्थानाच्या बाबतीत होते.

ही घाई कोणत्या प्रकारची असते ते आधी सांगतो. दशमात मंगळ दिसला की ‘यंत्रविद्या’, बुध दिसला की ‘हिशेब व लेखन’, शुक्र दिसला की ‘कला किंवा वाहने’ असा एक तक्ता पाठ करून ठेवलेला असतो, आणि पत्रिका समोर आली की त्यातील एक शब्द उचलून दिला जातो. देहू, तळवडे, चिखली, चाकण या टापूत तर हा तक्ता मुळीच उपयोगाचा नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत शेतीवर जगणाऱ्या या गावांतील घराघरांतून कोणी ना कोणी पाळीला जाऊ लागले. अशा ठिकाणी ‘या मुलाचा यंत्रांशी संबंध येईल’ हे सांगावयास पत्रिका उघडण्याचीही गरज नाही. जे भाकीत शेजारच्या दहा मुलांनाही तितकेच लागू पडते, ते त्या मुलाच्या पत्रिकेतून निघाले असे म्हणता येत नाही. दशमस्थानाने सांगावयाचे ते निराळे आहे : कारखान्यात गेलेला माणूस तेथे हाताने काम करील, मोजमाप करील, माणसे सांभाळील की मालाची देवघेव पाहील.

यासाठी प्राचीनांनी एक सूक्ष्म रीत घालून दिली आहे. वराहमिहिराने बृहज्जातकात आजीविकेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात लग्न, चंद्र आणि रवी या तिघांपासून दशमस्थान पाहावयास सांगितले असून दशमेश, म्हणजे दशमाचा स्वामी, ज्या नवांशात असेल त्या नवांशाच्या स्वामीवरून वृत्ती ठरवावी असा नियम दिला आहे. नवांश म्हणजे राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा. त्या अध्यायात मंगळाकडे धातू, अग्नी व शस्त्रे, बुधाकडे लेखन, गणित व शिल्प, गुरूकडे देवधर्म, विद्वज्जन व खाणी, आणि शनीकडे श्रम व भारवहन अशी वाटणी आहे. दशमात बसलेला ग्रह डोळ्यांत भरतो, दशमेश शोधावा लागतो, आणि त्याचा नवांश तर गणित केल्यावाचून हाती लागत नाही. म्हणून पहिल्यावर सर्वांचा भर असतो आणि तिसऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

आता एक पत्रिका प्रत्यक्ष मांडू. ती कोणा विशिष्ट व्यक्तीची नसून शिकण्यासाठी घेतली आहे. आकाश मात्र त्या दिवसाचे खरे आहे. जन्मस्थळ देहू, दिनांक ५ डिसेंबर १९८९, वेळ दुपारी २ वाजून ३५ मिनिटे. चित्रापक्षीय अयनांश धरून लग्न मीन राशीच्या सुमारे २४ अंशांवर येते. मीनेपासून दहावी रास धनु, तिचा स्वामी गुरू. गुरू मिथुनेत सुमारे १५ अंशांवर, वक्री, म्हणजे चतुर्थस्थानी आहे. शनी धनु राशीत १९ अंशांच्या आसपास, म्हणजे दशमात, आणि त्याच राशीच्या आरंभी बुध. शुक्र मकरेत, रवी वृश्चिकेत, मंगळ तुळेत आणि चंद्र कुंभेत आहे.

पुढे जाण्यापूर्वी वेळेचा हिशेब तपासणे अवश्य आहे, कारण दशमस्थान बिघडते ते बहुधा येथेच. आपली घड्याळे ८२ अंश ३० कला रेखांशाची प्रमाणवेळ दाखवतात. देहूचा रेखांश सुमारे ७३ अंश ४६ कला. फरक ८ अंश ४४ कलांचा, आणि अंशास चार मिनिटे या प्रमाणे देहूची स्थानिक वेळ घड्याळाच्या जवळजवळ ३५ मिनिटे मागे असते. हाताने पत्रिका करणाऱ्याने ही वजाबाकी विसरून घड्याळाचीच वेळ स्थानिक म्हणून धरली, तर लग्न मीनेचे २४ अंश न येता मेषेचे ५ अंश येते, कारण त्या दिवशी या अक्षांशावर अवघी मीन रास सुमारे एक तास ३५ मिनिटांत उगवून जाते. लग्न मेष झाले की दशम मकर होते, दशमेश गुरूच्या जागी शनी येतो, आणि दशमात शनी-बुधांऐवजी शुक्र दिसू लागतो. म्हणजे एका वजाबाकीच्या चुकीने ‘कला व वाहने’ असे फल सांगितले जाईल आणि ते सांगणारा मनुष्य आपल्या परीने प्रामाणिकच असेल. उलट देहूऐवजी पुणे हे गाव धरले तर फरक सुमारे वीस सेकंदांचाच पडतो. त्याची चिंता करू नये. ज्यांच्या घरी १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातील आजी-आजोबांच्या पत्रिका असतील त्यांनी मात्र लक्षात ठेवावे की युद्धामुळे त्या काळात घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती.

आता मीन लग्न कायम धरून वाचू. दशमेश गुरू आहे एवढ्यावरूनच पुष्कळजण ‘शिक्षक होणार’ असे म्हणून मोकळे होतील. पण गुरूचा नवांश काढा. मिथुन ही वायुरास असल्याने तिचे नवांश तुळेपासून सुरू होतात. १५ अंश हे १३ अंश २० कला ते १६ अंश ४० कला या पाचव्या भागात पडतात, आणि तुळेपासून पाचवी रास कुंभ. कुंभेचा स्वामी शनी, आणि तोच शनी दशमात बसलेला. नियम आणि स्थिती दोन्ही एकाच ग्रहाकडे बोट दाखवीत आहेत : श्रम, सातत्य, हळूहळू मिळणारी बढती, अंगावर पडणारे काम. चंद्रापासून पाहिले तर दशमात वृश्चिक रास येते, तिचा स्वामी मंगळ आणि तेथे रवी. लग्नापासूनच्या श्रमप्रधान वाचनाला येथे अग्नी व धातू यांची जोड मिळते. तीन ठिकाणांपैकी दोन एका दिशेने बोलू लागली म्हणजे मगच ती दिशा सांगावी, एकट्या दशमस्थ ग्रहावरून सांगू नये, असे माझे मत आहे.

तथापि या पत्रिकेतील खरे वैशिष्ट्य पुढे आहे. गुरू बुधाच्या मिथुनेत आणि बुध गुरूच्या धनूत, असा चतुर्थेश व दशमेश यांचा परस्पर स्थानविनिमय झाला आहे, ज्यास परिवर्तनयोग म्हणतात. शिवाय गुरूची पूर्ण दृष्टी आपल्याच धनु राशीवर, म्हणून तेथील शनी व बुधावर पडते. चतुर्थस्थान घर, विद्या आणि भूमी यांचे. म्हणून केवळ राबणारा मजूर असे वाचन येथे अपुरे ठरेल. श्रमाच्या क्षेत्रात राहूनही मोजणे, नोंदणे आणि शिकविणे याकडे ओढला जाणारा, आणि गाव सोडून फार दूर न जाणारा, असे अधिक नेमके वाचन होईल. आजच्या भाषेत सांगावयाचे तर प्रेस शॉपमध्ये लागलेला आयटीआयचा फिटर, जो काही वर्षांनी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर घेऊन क्वालिटीच्या टेबलावर बसतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग वहीत लिहितो आणि नव्या पोरांना हत्यार धरावयास शिकवितो. मंगळ दशमात नाही म्हणून अशा मुलास ‘कारखान्यात जाऊ नको’ असे सांगणारा ज्योतिषी मोठी चूक करील. कालाचाही मेळ पाहावा : चंद्र शततारकेत असल्याने आरंभी राहूची महादशा, २००१-०२ च्या सुमारास गुरूची आणि २०१७-१८ च्या सुमारास शनीची सुरू होते. दशमेशाच्या दशेत शिक्षण व पहिली नोकरी, दशमस्थ शनीच्या दशेत जबाबदारीचा हुद्दा, असा क्रम येथे मांडता येईल.

आता या वाचनाच्या मर्यादा. त्याच दुपारी, त्याच घटकेला या तालुक्यात आणखीही मुले जन्मली असतील. त्यांतल्या एकाच्या बापाची वीस एकर बागायत असेल, दुसऱ्याचा बाप देहूरोडच्या डेपोत कामगार असेल. पत्रिका एकच, वाटा निराळ्या. म्हणूनच देश, काल आणि पात्र यांची चौकशी केल्यावाचून दशमाचे फल उच्चारू नये अशी जुनी मर्यादा आहे. संत तुकारामांच्या नावाने फिरणाऱ्या कुंडल्यांविषयी वाचक विचारतात. ज्यांच्या जन्मसालाविषयीच अभ्यासकांत एकमत नाही, त्यांचे लग्न कोणत्या आधारावर काढावयाचे? महाजनकी आणि वाण्याचा व्यवहार चालविणाऱ्या घराण्यातील त्या पुरुषाने कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. ती दशमस्थानातून सिद्ध करण्याचा खटाटोप मी करणार नाही.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे आणि ती लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमविल्या आणि त्यांतून निवडलेल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषास पाठवून, कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांचे यश सरासरीने ४६ टक्के भरले, म्हणजे नाणे उडवून जितके मिळाले असते त्याहून अधिक नाही. तो प्रश्न बुद्धीचा होता, आजीविकेचा नव्हता, हे खरे. पण आजीविकेच्या बाबतीत आपण वेगळे यश दाखविले आहे असे म्हणण्यास आमच्यापाशी तशी चाचणीही नाही. तेव्हा दशमस्थानाचे वाचन ही मनुष्याच्या प्रवृत्तीविषयी विचार करण्याची एक जुनी पद्धत आहे एवढेच म्हणावे, आणि तिच्या भरवशावर कोणाची लागलेली नोकरी सोडवू नये अथवा मुलाचा आयटीआयचा किंवा पदविकेचा प्रवेश बदलवू नये.

पुढील लेखांकात दशमेश षष्ठात, अष्टमात व द्वादशात असता काय पाहावे त्याचा विचार करू. तोपर्यंत ज्या वाचकांस हा नियम स्वतःच्या पत्रिकेस लावून पाहावयाचा असेल त्यांनी दवाखान्यातील नोंदीवरील जन्मवेळ आणून, ३५ मिनिटांची वजाबाकी एकदाच झाली आहे ना एवढे पाहून, मगच दशमेशाचा नवांश काढावा.