पुस्तक कितव्या पानावर मिटावं?

उशाशी महिनाभर पडून असलेली कादंबरी बहुतेक वाचणाऱ्यांच्या घरात सापडते. खूण साठाव्या पानापाशी अडकलेली, पुढे वाचवत नाही आणि सोडवतही नाही. ‘आधी ही संपवू, मग दुसरी घेऊ’ या नादात बाकीचं वाचनही थांबतं.

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केलेल्या नॅन्सी पर्ल यांनी यावर एक साधा हिशेब सांगितला. वय पन्नास किंवा त्याहून कमी असेल, तर पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. पन्नाशी ओलांडली असेल, तर शंभरातून वय वजा करावं आणि उरेल तेवढीच पानं वाचावीत. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या वाचकाने छत्तीस पानं वाचली की त्याचं कर्तव्य संपलं. वय वाढतं तसा हाताशी उरलेला वेळ कमी होतो, म्हणून पानंही कमी. शंभरी गाठणाऱ्याच्या वाट्याला शून्य पानं येतात, त्यामुळे मुखपृष्ठ पाहूनच पुस्तक नाकारायचा अधिकार त्याला मिळतो, असं पर्ल गमतीने सांगतात.

तरीही हात अडतो. पैसे मोजलेत, एवढी पानं वाचलीत, ती वाया कशी घालवायची? मानसशास्त्रज्ञ हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच खोड दिसते. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीला, तर काहींना सवलतीत दिली गेली. कोणाला सवलत मिळणार, हे केवळ नशिबावर ठरलं होतं. नाटकं सगळ्यांसाठी तीच होती, पण हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त प्रयोग पाहिले. खर्च झालेले पैसे नाटकाला जाऊन परत मिळणार नव्हते, तरी ते माणसांना खुर्चीकडे ओढत होते. पुस्तकाचंही तसंच होतं. वाचलेली साठ पानं परत येत नाहीत, उरलेली तीनशे मात्र अजून आपल्या हातात असतात.

पन्नासाव्या पानावरही मन कुंपणावर असेल, तर पर्ल यांच्याकडे आणखी एक युक्ती आहे. आता आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय, हे स्वतःला विचारायचं. खुनी कोण किंवा लग्न कोणाशी होतं, एवढंच उत्तर आलं, तर सरळ शेवटची पानं उघडावीत आणि पुस्तक ठेवून द्यावं.

हा हिशेब सगळीकडे चालत नाही. अभ्यासक्रमातल्या पुस्तकाला तो लावता येत नाही. दवाखान्यातल्या जागरणात किंवा घरातल्या धावपळीत पुस्तक रुचलं नाही, तर दोष पुस्तकाचा असेलच असं नाही. दोन-चार दिवस दुसरं काही वाचून पाहावं. तेही डोक्यात शिरत नसेल, तर पहिलं पुस्तक नापसंत न ठरवता बाजूला ठेवावं.

पुढचं पुस्तक निवडायचं, तर सोडलेल्या पुस्तकाचं कारण कामी येतं. पर्ल म्हणतात, वाचक पुस्तकात चारपैकी एका दाराने शिरतो: कथानक, पात्रं, स्थळकाळ किंवा भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही दारं असतात, पण सगळी सारखी रुंद नसतात.

समजा, चौसष्ट वर्षांच्या एका वाचकाने भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ छत्तीस पानांनंतर मिटली. 1963च्या या कादंबरीत सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि आपली हकिगत आपल्याच तिरकस बोलीत सांगतो. इथे भाषेचं दार रुंद आहे, कथानकाचं अरुंद. ‘पुढे काही घडतच नाही’ अशी वाचकाची तक्रार असेल, तर त्याला कथानक हवंय. त्याने विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्यावी. 1939मध्ये आलेली ही छोटी कादंबरी युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर घडते. महायुद्ध तोंडावर आलेलं असताना चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांचं पुढे काय होणार, हा प्रश्न वाचकाला खेचत नेतो.

तक्रार वेगळी असती, तर सल्लाही बदलला असता. गावाकडचे उल्लेख आवडले पण निवेदकाचा सूर खटकला, असं वाटत असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ बरी. धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण मास्तर ती सांगतो आणि तिथे स्थळाचं दार सताड उघडं आहे.

म्हणून वाचनालयात पुस्तक परत करताना ‘आवडलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. काय खटकलं आणि याआधी मनापासून आवडलेलं पुस्तक कोणतं, हे दोन वाक्यांत सांगा. काउंटरवरच्या ग्रंथपालाला पुढचं पुस्तक सुचवायला तेवढं पुरतं.