‘पंप जळाला’ म्हणजे नेमकं काय दिसलं?

मंडळी, सकाळी १०:३५ला ऑपरेटरचा निरोप येतो: ‘लेथ ३ बंद. कूलंट पंप जळाला. लवकर या.’ हेच आपण मागणीपत्रात उतरवलं, तर फिटर नवा पंप घेऊन येणार. आणि कदाचित नुसता ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला निघणार. ‘जळाला’ हे अनुमान झालं, प्रत्यक्ष नव्हे. म्हणून आपण आधी विचारायचं: काय दिसलं, केव्हा दिसलं? त्या उत्तरांवरून मागणीपत्र असं होतं:

‘सीएनसी लेथ क्र. ३. दोष: कूलंटची धार बंद, पंपाचा आवाज नाही, टाकीत पातळी पुरेशी, जळका वास नाही. पंप जळाल्याचा ऑपरेटरचा अंदाज, तपासणी बाकी. दोष दिसला १०:२०, कळवला १०:३५. परिणाम: १०:२०पासून मशीन बंद, एका नगास ४ मिनिटे, म्हणजे ताशी १५ नगांची घट.’

वेळा दोन कशाला? निरोपाचीच वेळ धरली, तर आधीची १५ मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४ नग, हिशेबातून गळतात. आणि ऑपरेटरचा अंदाज आपण खोडत नाही. तो रोज त्या मशीनपाशी उभा असतो. फक्त अंदाजाला अंदाज म्हणूनच लिहायचं, एवढंच.