वेतनमर्यादेहून अधिक वेतन असणाऱ्या अल्पवेतनी कामगाराचा वैधानिक बोनस : गणनेच्या आधाराचा विचार

प्रास्ताविक :
दिवाळीच्या सुमारास अनेक कामगारांच्या हाती ६,९९७ किंवा ७,००० रुपये बोनस पडतो. एकाचे मासिक वेतन ११,००० रुपये असते, दुसऱ्याचे १६,००० रुपये. तरीही दोघांना मिळणारी रक्कम सारखीच असते. कायद्यानेच ७,००० रुपयांची मर्यादा घातली आहे, असे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागात कामगाराचे किती नुकसान दडलेले असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन स्वतंत्र मर्यादा :
बोनस प्रदान अधिनियम, १९६५ मध्ये दोन मर्यादा होत्या आणि त्यांची बरेचदा गल्लत केली जाते. पहिली मर्यादा पात्रतेची. २०१५ च्या दुरुस्तीनुसार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा आणि लेखावर्षात किमान ३० दिवस काम केलेला कर्मचारी बोनसला पात्र ठरत असे. दुसरी मर्यादा गणनेची असून ती कलम १२ मध्ये होती. पात्र कर्मचाऱ्याचे वेतन या मर्यादेहून अधिक असल्यास त्याचे वेतन जणू त्या मर्यादेइतकेच आहे असे मानून बोनस काढला जात असे. २००७ च्या दुरुस्तीने ही रक्कम ३,५०० रुपये केली होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती ७,००० रुपये झाली. परंतु त्याच वेळी एक महत्त्वाची शब्दयोजनाही करण्यात आली. मर्यादा ७,००० रुपये किंवा संबंधित अनुसूचित रोजगारासाठी शासनाने ठरविलेले किमान वेतन, यांपैकी जे अधिक असेल ती, असे त्यानंतर कलम सांगत होते. व्यवहारात नेमका हाच उत्तरार्ध गाळला जातो.

येथे वेतन म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता होय. घरभाडे भत्ता आणि अतिकालिक कामाचा मोबदला त्यात येत नसे. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या कलम ४ नुसार किमान वेतनाच्या दरात मूळ दर आणि राहणीमान खर्चाशी निगडित विशेष भत्ता या दोहोंचा समावेश होऊ शकत होता. म्हणून केवळ मूळ दर घेऊन विशेष भत्ता वगळणे योग्य ठरत नाही.

एक उदाहरण :
महाराष्ट्रातील एका कारखान्यातील अर्धकुशल कामगार घेऊ. उदाहरणातील आकडे कल्पित आहेत. २०२३-२४ या लेखावर्षात त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १४,५०० रुपये होते आणि त्याने पूर्ण वर्ष काम केले. राज्यात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यामुळे त्याच्या श्रेणीचे व परिमंडळाचे किमान वेतन एप्रिल ते जून १२,६०० रुपये, जुलै ते डिसेंबर १२,९०० रुपये आणि जानेवारी ते मार्च १३,२०० रुपये होते, असे समजू. या बारा महिन्यांची बेरीज १,५४,८०० रुपये होते.

या अधिनियमानुसार किमान बोनसचा दर ८.३३ टक्के होता. ७,००० रुपये आधार धरल्यास वर्षाच्या ८४,००० रुपयांवर ६,९९७.२० रुपये बोनस येतो. किमान वेतन आधार धरल्यास तो १२,८९४.८४ रुपये येतो. दोहोंतील फरक ५,८९७.६४ रुपये आहे. मात्र या कामगाराला प्रत्यक्ष वेतनावर, म्हणजे १,७४,००० रुपयांवर, बोनस मागता येणार नाही. कारण त्याचे वेतन किमान वेतनाहून अधिक आहे. कलम १२ त्याला वरची कडा देत होते, तसेच खालची कडाही सांभाळत होते.

चूक कशी ओळखावी :
भिन्न वेतनाच्या कामगारांना ६,९९७ किंवा ७,००० रुपये अशी एकच रक्कम मिळत असेल, तर किमान वेतन विचारात घेतलेले नाही अशी शंका घ्यावी. खातरजमेसाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : आस्थापना कोणत्या अनुसूचित रोजगारात मोडते, कामगाराची श्रेणी व परिमंडळ कोणते, आणि त्या त्या महिन्यात कोणता दर लागू होता. वर्षअखेरचा एकच दर बाराने गुणणे किंवा अकुशल श्रेणीचा दर सर्वांना लावणे, या दोन्ही चुकांमुळे उत्तर बदलते. कामगाराने वर्षभर काम केले नसेल, तर तेवढ्या काळाच्या वेतनावरच बोनस मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

वेतन संहितेतील स्थिती :
२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आहे. तिच्या कलम २६ मध्ये हेच तत्त्व कायम आहे : अधिसूचित रक्कम किंवा शासनाने ठरविलेले किमान वेतन, यांपैकी अधिक असेल तो आधार. किमान बोनसचा दर तेथे आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के असा लिहिला आहे. मर्यादेची रक्कम मात्र संहितेत नमूद नसून ती अधिसूचनेने ठरते.

निष्कर्ष :
७,००० रुपये हा बोनसच्या गणनेचा एकमेव आधार नव्हता. तो दोन पर्यायांपैकी एक होता. किमान वेतन त्याहून वर गेले की तो पर्याय आपोआप मागे पडतो. बोनसच्या पावतीवर रकमेसोबत धरलेला मासिक आधारही नोंदवला गेला, तर कामगाराला हा फरक स्वतःच तपासता येईल.